जस्ती पत्र्यात जस्त किती?

टॉर्चचा संपलेला सेल फोडून आतली काळी कांडी काढायचा उद्योग आमच्या पिढीतल्या बहुतेक पोरांनी केला आहे. त्या कांडीने रस्त्यावर रेघा झकास उमटत. कांडी हाती आली की बाकीचा सेल उकिरड्यावर जायचा, आणि त्याबरोबर एक राखाडी, मऊ, जागोजागी खाल्ली गेलेली डबीही जायची. ती डबी जस्ताची असते. पॅरिसची बहुतेक छपरं याच धातूच्या पत्र्याची आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ती छपरं साठ-सत्तर वर्षं सहज टिकतात हे वाचून तर मी गोंधळलोच, कारण रत्नागिरीजवळ समुद्रालगत राहणाऱ्या माझ्या मामाच्या पडवीवरचा ‘जस्ती पत्रा’ चौथ्याच पावसाळ्यात तांबडा झाला होता.

घोळ नावात आहे. आपण ज्याला जस्ती पत्रा म्हणतो तो लोखंडाचा असतो आणि जस्त त्याला नुसतं फासलेलं असतं. चांगल्या प्रतीच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, २७५ ग्रॅम जस्त चढवतात. त्याची जाडी एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन भरते. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. स्वस्तातल्या पत्र्यावर तर १२० ग्रॅमच असतं. आता साध्या शहरी हवेत जस्त वर्षाला एक-दोन मायक्रॉन झिजतं, पण खाऱ्या, दमट किनाऱ्यावर हाच आकडा चार ते आठपर्यंत जातो. वीस भागिले पाच. मामाचा पत्रा चौथ्या वर्षी तांबडा झाला त्यात नवल कसलं! पॅरिसमधला पत्रा मात्र आरपार जस्ताचा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. मिलिमीटरचे हजार मायक्रॉन, म्हणजे मामाच्या पत्र्यावरच्या थरापेक्षा तो पस्तीसपटीहून जास्त जाड.

पण मग हिशेबाने तो तीन-चारशे वर्षं टिकायला हवा. तेवढा तो टिकत नाही, आणि त्याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात सुंदर वाटतं.

जस्त, तांबं, ॲल्युमिनियम हे धातू तगतात ते स्वतःवर कातडी धरतात म्हणून. जस्ताची कातडी धरायला पाणी लागतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही लागतो. पावसाने भिजला, वाऱ्याने सुकला, पुन्हा भिजला, पुन्हा सुकला, असं होत होत चकचकीत जस्तावर निळसर करडा, घट्ट थर बसतो आणि झीज मंदावते. पाणी आहे पण मोकळी हवा नाही अशा ठिकाणी मात्र ती कातडी धरतच नाही. पांढरी, भुसभुशीत पूड होते आणि तिच्याखाली धातू खाल्ला जात राहतो. हे बघायला पॅरिसला जायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पावसात एकावर एक रचलेले नवे जस्ती पत्रे सोडवून बघा, आतल्या बाजूंना पांढरे डाग दिसतील. त्याला पांढरा गंजच म्हणतात. पॅरिसचं छप्पर वरून झिजून संपण्याआधी बहुधा आतूनच दगा देतं. खोलीतली वाफ वर जाते, थंड पत्र्याच्या पोटाशी थिजते आणि तिथेच बसते. म्हणून तिथले कारागीर पत्रा सलग फळीवर चिकटवत नाहीत. अधेमधे फटी ठेवून ठोकलेल्या फळ्यांवर तो पसरतात आणि खालून वारा खेळता ठेवतात. पत्र्यांच्या कडाही लाकडी पट्ट्यांवर नुसत्या दुमडून झाकतात, खिळ्याने जखडत नाहीत, कारण दहा मीटरचा जस्ताचा पत्रा उन्हात पन्नास अंशांनी तापला तर सुमारे ११ मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर तो वाकतो, आणि वर्षानुवर्षं वाकत राहिला की चिरतो. या कसबाला २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

तांब्याची कातडी अधिक सावकाश येते, पण येते ती दांडगी. देवघरातला तांब्या चिंचेने घासला की लालबुंद होतो आणि दोन दिवसांत पुन्हा काळवंडतो. घासताना आपण दर वेळी त्याची कोवळी कातडी सोलून काढत असतो. छपरावर चिंच लावायला कुणी जात नाही. काही महिन्यांत पत्रा तपकिरी होतो, मग चॉकलेटी, आणि पुढे कित्येक वर्षांनी हिरवा. समुद्राकाठी हा हिरवा रंग लवकर येतो, कोरड्या गावात पिढ्या गेल्या तरी येईलच असं नाही. तिरक्या छपरावर पाणी रेंगाळतं म्हणून तिथे आधी येतो, उभ्या भिंतीवर उशिरा. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा हे काही छप्पर नव्हे, पण उघड्यावरच्या तांब्याच्या पत्र्याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. १८८६ साली उभा राहिला तेव्हा तो तांबूस होता. त्याचा पत्रा २.४ मिलिमीटर जाडीचा, आणि खाऱ्या वाऱ्यात शंभर वर्षं उभा राहून त्यातला मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा झिजला.

त्या पुतळ्याचं दुखणं वेगळंच निघालं. आतला सांगाडा लोखंडाचा. तांबं आणि लोखंड एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉसचं अस्तर घातलं होतं, ते कालांतराने निकामी झालं. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे झाला की टॉर्चचा सेल! सेलमध्ये जस्त खाल्लं जातं, इथे लोखंड खाल्लं गेलं. गंजून फुगलेल्या पट्ट्यांनी तांब्यातले रिव्हेट उखडले. शंभरी साजरी होण्याआधी त्या पट्ट्या काढून बहुतेक ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

छपरावर हा सेल तयार व्हायला धातू एकमेकांना लागावेही लागत नाहीत. तांब्याच्या पत्र्यावरून येणाऱ्या पागोळीत तांब्याचा अंश असतो. ती खालच्या जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पन्हळीत पडली की तांब्याचे सूक्ष्म कण तिथे बसतात, प्रत्येक कणाभोवती एक इवलासा सेल सुरू होतो आणि पन्हळीला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. उलटं चालतं: वर जस्त, खाली तांबं असेल तर वाहत्या पाण्याने बिघडत नाही. गच्चीवर वीजरोधकाची तांब्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून सर्रास नेलेली दिसते. चार-पाच वर्षांनी तिच्या खालच्या अंगाला बघावं.

ॲल्युमिनियमची कातडी दिसतच नाही. ओरखडा काढा, हवा लागताक्षणी ती पुन्हा तयार होते, मायक्रॉनच्या काही हजाराव्या हिश्श्याइतकी पातळ आणि पारदर्शक. म्हणून हा पत्रा म्हातारपणी ना हिरवा होतो ना निळसर, नुसता मंद होतो. दिसायला तिघांत तोच सर्वात नीरस, हे माझं मत मी बदलणार नाही. टिकाऊपणात मात्र त्याला कमी लेखू नये: रोमच्या सान जोआकिनो चर्चच्या घुमटावर १८९७च्या सुमारास घातलेला ॲल्युमिनियमचा पत्रा शतकाहून जास्त काळ टिकला आहे. खाऱ्या हवेत याला बारीक खळगे पडतात, पण ते वाढण्याचा वेग पुढे पुढे मंदावत जातो.

आता खिशाकडे. शंभर चौरस मीटरचं छप्पर धरू. ०.६ मिलिमीटरचं तांबं घातलं तर सुमारे ५३५ किलो लागेल, ०.७ मिलिमीटरचं जस्त ५०० किलो, आणि तेवढ्याच जाडीचं ॲल्युमिनियम अवघं १९० किलो. बाजारात तांब्याचा किलोचा भाव बाकी दोघांच्या तिप्पट-चौपट असतो. जस्त आणि ॲल्युमिनियम जवळपास राहतात. म्हणजे नुसत्या धातूचा खर्च ढोबळमानाने ॲल्युमिनियमला एक रुपया, जस्ताला पावणेतीन, तांब्याला दहा. गंमत अशी की ॲल्युमिनियम स्वस्त पडतं ते मुख्यतः हलकं म्हणून. मजुरी, फळ्या, रंग मिळवले की ही दरी बरीच बुजते, आणि तांब्याच्या मोडीलाही भाव येतो. चोरांनाही ते ठाऊक असतं.

मामाने ॲल्युमिनियमचा नालीदार पत्रा घेतला, स्टेनलेसचे स्क्रू, त्याखाली रबरी वॉशर, सगळं नीट. पण पत्रा भिंतीला भिडतो तिथली फट गवंड्याने सिमेंटने लिंपली. ॲल्युमिनियमच्या कातडीला खारट हवा सोसते, ओला चुना-सिमेंट सोसत नाही. ती विरघळते आणि धातूतून हायड्रोजनचे बुडबुडे निघू लागतात. (हल्ली बांधकामात दिसतात ते हलके, सच्छिद्र ठोकळे याच युक्तीने फुगवतात: चुना-सिमेंटच्या लगद्यात ॲल्युमिनियमची पूड.) दोन पावसाळ्यांनी मी वर चढून पाहिलं. सगळा पत्रा ठणठणीत, फक्त भिंतीलगत बोटभर रुंदीची पांढरी, खरबरीत रेघ, आणि तिच्यातून आरपार उजेड. आता तिथे रंगवलेली ॲल्युमिनियमची पट्टी आणि सिलिकॉन आहे.

राहता राहिला आवाज. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो आणि त्याला मोकळा, पातळ पत्रा मिळाला की तो ताशासारखा वाजतो. पत्रा जितका जड तितका कमी हलतो, म्हणून ॲल्युमिनियम सर्वात वाचाळ. त्याचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नाही, बाकी दोघांचं पाच. पण खरा फरक धातूपेक्षा खाली काय आहे याने पडतो. पॅरिसच्या पोटमाळ्यावर फळ्या असतात, केरळातल्या कित्येक देवळांच्या गाभाऱ्यावर तांब्याच्या पत्र्याखाली लाकूड असतं, त्यामुळे थेंबाचा मार फळी गिळते. पडवीत पत्रा नुसत्या वाशांवर तरंगतो. उन्हाळ्यात तो सकाळी तापताना आणि संध्याकाळी निवताना टक् टक् करत सरकतो, कारण तिघांत सर्वात जास्त प्रसरण पावतं ते ॲल्युमिनियमच.

मामाने शेवटी पत्र्यावर नारळाची झापं टाकून दोरीने आवळली. थेंब झापांवर फुटतो, पत्र्यावर नुसतं पाणी उतरतं. सुकल्यावर ती काढून पत्रा धुवायचा, नाहीतर खाली ओल साचेल, हे मी त्याला बजावलं आहे. जूनमध्ये मामीचा फोन आला तेव्हा मागे पावसाचा आवाज होता, पण बोलणं ऐकू येत होतं. “झापं टाकलीत ना?” मी विचारलं. “अर्ध्यावरच,” ती म्हणाली, “उरलेल्या अर्ध्यात त्याला पाऊस ऐकायचाय.”