टॉलरन्स किती? आधी एकक सांग

(जमिनीच्या नकाशांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका ज्येष्ठ प्रोग्रॅमरने नव्या सहकाऱ्यासाठी लिहिलेलं टिपण)

तुझा कोड वाचला. मोजणीत मिळालेला एखादा कोपरा शेजारच्या प्लॉटच्या हद्दीवर पडतो की नाही, हे ठरवणारा भाग असा आहे:

```python
area2 = x1*y2 - x2*y1 + x2*y3 - x3*y2 + x3*y1 - x1*y3
if abs(area2) < 1e-9:
    on_boundary = True
```

कल्पना बरोबर आहे. हद्दीची दोन टोकं आणि तो कोपरा या तीन बिंदूंचा त्रिकोण केला आणि त्याचं क्षेत्रफळ शून्य आलं, तर तिन्ही एका रेषेत. थेट `== 0` न लिहिता थोडी सूट दिलीस, हेही ठीक. आता तू विचारलंस की `1e-9` ऐवजी किती ठेवू, `1e-6` चालेल का? त्या आकड्याचं एकक काय, हे ठरल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. म्हणून जरा मुळापासून सांगते.

संगणक अपूर्णांक दोनच्या पायात साठवतो. आपल्या दशांश पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की 0.333… संपतच नाही. दोनच्या पायात 0.1 ची तशीच गत होते. कुठेतरी तोडावं लागतं, आणि म्हणूनच पायथॉनमध्ये `0.1 + 0.2` लिहिलं की `0.30000000000000004` उत्तर येतं. ही भाषेतली खोट नाही. 1985 मध्ये ठरलेल्या आयट्रिपलई 754 या मानकाप्रमाणे जवळजवळ सगळेच संगणक असंच वागतात. त्यातला ‘डबल’ हा प्रकार एका संख्येचे 53 द्विमान अंक ठेवतो, म्हणजे आपल्या हिशेबाने पंधरा-सोळा अंक.

अंक किती ठेवायचे हे ठरलेलं असल्यामुळे संख्या मोठी झाली की तिची बारकाई कमी होते. जिच्यावरच्या खुणा शून्यापासून दूर जाऊ तशा विरळ होत जातात अशी एक पट्टी डोळ्यासमोर आण. संगणकाला या खुणांवरच उभं राहता येतं, मधल्या जागेवर नाही. एकच्या पुढची खूण सुमारे `2.2e-16` इतक्या अंतरावर असते. दहा लाखांच्या जवळ तेच अंतर सुमारे `1.2e-10` होतं.

आपले कोऑर्डिनेट कुठे बसतात ते आता बघ. आपण यूटीएम वापरतो. पुणे त्याच्या 43 क्रमांकाच्या पट्ट्यात येतं. तिथल्या बिंदूचा पूर्वेचा आकडा सुमारे 3 लाख 80 हजार मीटर असतो, आणि उत्तरेचा, म्हणजे विषुववृत्तापासून मोजलेला, सुमारे साडेवीस लाख मीटर. इतक्या मोठ्या उत्तरेच्या आकड्याजवळ दोन खुणांमध्ये `2.3e-10` मीटर अंतर असतं. जमिनीच्या कामाला ही बारकाई गरजेपेक्षा खूपच जास्त आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते.

तुझ्या सूत्रात तू या दोन आकड्यांचा गुणाकार करतेस. तो येतो सुमारे 780 अब्ज. एवढ्या मोठ्या संख्येजवळ डबलच्या खुणा 0.00012 चौरस मीटर अंतरावर असतात. म्हणजे तुझे सहाही गुणाकार याच जाडीच्या पायरीवर बसतात, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून आलेलं `area2` एकतर नेमकं शून्य असतं, नाहीतर किमान 0.00012. या दोहोंच्या मध्ये काहीच येऊ शकत नाही. तू दिलेली `1e-9` ची सूट त्या पायरीच्या एक लाखावा भागसुद्धा नाही. तुझी ओळ दिसायला टॉलरन्सची आहे, पण पुण्याच्या जमिनीवर ती `== 0` इतकंच काम करते. तुझ्या चाचण्या पास झाल्या, कारण त्यांतले बिंदू (0, 0), (10, 0) असे मूळबिंदूशी खेटून होते.

हेच गणित कुणी ‘सिंगल’ प्रकारात केलं, तर काय होईल तेही पाहून ठेव, कारण नकाशा ब्राउझरमध्ये दाखवताना ग्राफिक्स कार्डाकडे आकडे बहुधा याच प्रकारात जातात. सिंगल फक्त 24 द्विमान अंक ठेवतो. साडेवीस लाखांजवळ त्याच्या दोन खुणांत साडेबारा सेंटीमीटरचं अंतर पडतं, आणि वरच्या गुणाकाराची पायरी होते 65,536 चौरस मीटर. क्षेत्रफळ काढताना शेवटी निम्मं करायचं असतं. म्हणजे एक गुंठ्याच्या, सुमारे 101 चौरस मीटरच्या, प्लॉटचं उत्तर या सूत्राने एकतर शून्य येईल, नाहीतर किमान 32,768 चौरस मीटर. ते आठ एकरांहून जास्त झालं.

यावर उपाय सोपा आहे. गुणाकार करण्याआधी वजाबाकी कर. हद्दीचं एक टोक मूळबिंदू मान आणि बाकीचे बिंदू त्याच्यापासून मोज. जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी डबलमध्ये बहुतेक वेळा नेमकी होते. मूळ आकडा साठवताना जी अत्यल्प चूक शिरली तेवढीच राहते, नवी भर पडत नाही. मग गुणाकार लाखांचे न होता काही मीटरांचे किंवा शेकडा मीटरांचे होतात आणि पायऱ्या पुन्हा बारीक होतात.

आता एककाचं बोलू. तू ज्याची शून्याशी तुलना करतेस ते क्षेत्रफळ आहे, चौरस मीटर. आणि तुला विचारायचंय ते अंतर आहे: हा कोपरा हद्दीच्या रेषेपासून किती लांब आहे? या दोन गोष्टी एकच धरल्या की काय होतं, ते एका उदाहरणात दिसेल. समज, सूट 0.0001 चौरस मीटर ठेवली. हद्द 80 मीटर लांब असेल आणि कोपरा तिच्यापासून एक मिलिमीटर बाजूला असेल, तर `area2` येतं 80 गुणिले 0.001, म्हणजे 0.08. कोड म्हणणार, हद्दीवर नाही. दुसरीकडे ओढ्याकाठची वळणदार हद्द आहे, जी नकाशात पाच-पाच सेंटीमीटरच्या तुकड्यांनी काढलेली आहे. तिथल्या तुकड्यापासून बिंदू तेवढाच, एक मिलिमीटर बाजूला असेल, तर येतं 0.00005. कोड म्हणणार, हद्दीवर आहे. अंतर तेच, उत्तरं मात्र विरुद्ध. उलट बाजूने हिशेब केलास तर त्याच 0.0001 ने लांब हद्दीवर सव्वा मायक्रॉनची सूट मिळते आणि छोट्या तुकड्यावर दोन मिलिमीटरची. म्हणून `1e-6` चालेल का, या प्रश्नाला इथे अर्थच उरत नाही. रेषेच्या लांबीप्रमाणे त्या आकड्याचा अर्थ बदलतो.

क्षेत्रफळाला रेषेच्या लांबीने भागलं की अंतर मिळतं. प्रत्यक्षात भागण्याऐवजी दुसऱ्या बाजूला गुणावं, म्हणजे शून्याने भागण्याची भीती नको:

```python
TOL_M = 0.001   # मीटर

def on_line(a, b, p):
    dx, dy = b[0]-a[0], b[1]-a[1]
    cross = dx*(p[1]-a[1]) - dy*(p[0]-a[0])
    return abs(cross) <= TOL_M * math.hypot(dx, dy)
```

यात दोन गोष्टी लक्षात ठेव. `a` आणि `b` एकच बिंदू असतील तर दोन्ही बाजू शून्य होतात आणि हे फंक्शन जगातल्या कुठल्याही बिंदूला होकार देतं. तेव्हा हद्दीची लांबीच `TOL_M` पेक्षा कमी असेल, तर ती रेषा नाही असं धरून आधीच बाजूला काढ. आणि हे फंक्शन रेषा दोन्हीकडे अनंत धरतं. बिंदू दोन टोकांच्या मध्ये आहे का, हे वेगळं तपासावं लागेल.

एक मिलिमीटर कुठून आला? खालच्या बाजूला गणिताची चूक असते. वजाबाकी आधी केल्यावर ती मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही लहान राहते. वरच्या बाजूला कामातली सर्वांत लहान खरी वस्तू असते. आपल्याकडचे बिंदू चांगल्या जीएनएसएस यंत्राने घेतले तरी एक-दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे असतात, आणि कुंपणाची भिंत त्याहून जाड असते. टॉलरन्स या दोन मर्यादांच्या मध्ये, दोन्हींपासून पुरेशा अंतरावर ठेवायचा. यंत्राचे सुटे भाग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच मर्यादा फार खाली असते. पॅरासॉलिड हे नावाजलेलं भूमिती इंजिन एक किलोमीटर बाजूच्या ठोकळ्यात काम करतं आणि त्यात अंतराची बारकाई `1e-8` मीटर धरतं. त्यांचा आकडा त्यांच्या कामाचा, आपला आपल्या कामाचा. पायथॉनचं `math.isclose` वापरू का, असंही तू विचारलं होतंस. नको. ते मुळात सापेक्ष सूट देतं: `rel_tol` न सांगितलं तर `1e-09`, आणि `abs_tol` शून्य. त्यामुळे पुण्याजवळच्या उत्तरेच्या आकड्याला दोन मिलिमीटरची सूट मिळते, तर शून्याशी तुलना केली की काहीच मिळत नाही. विषुववृत्तापासून लांब म्हणून बांधाला जास्त सूट, याला जमिनीत काही आधार नाही.

पुढची अडचण जास्त चिवट आहे. ‘जवळजवळ सारखं’ हे नातं साखळीत टिकत नाही. एका रेषेवर 0, 0.8 आणि 1.6 मिलिमीटरवर तीन बिंदू आहेत असं धर. पहिला आणि दुसरा एकच, दुसरा आणि तिसरा एकच, पण पहिला आणि तिसरा वेगळे. प्रोग्रॅमने एका ठिकाणी एक जोडी तपासली आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी, की त्याचीच दोन उत्तरं एकमेकांशी भांडतात. मग बहुभुज बंद होत नाही, दोन प्लॉटच्या मध्ये केसाएवढी फट राहते, किंवा टॉलरन्स घालून केलेली सॉर्टिंग दर वेळी निराळा क्रम देते. म्हणून बिंदू एकच आहेत का, हा निर्णय माहिती आत घेताना एकदाच घ्यायचा. जवळचे बिंदू एका प्रतिनिधी बिंदूला बांध, त्याला क्रमांक दे, आणि पुढे सगळीकडे क्रमांकांची तुलना कर. क्रमांक पूर्णांक असतात, तिथे `==` निर्धास्त चालतं.

आणि काही ठिकाणी टॉलरन्स मुळीच नको. बिंदूंची त्रिकोणी जाळी विणताना प्रश्न असतो की बिंदू रेषेच्या डावीकडे की उजवीकडे. इथे ‘जवळजवळ डावीकडे’ असं उत्तर दिलं तर जाळीचे त्रिकोण एकमेकांवर चढतात. तिथे चिन्हच अचूक लागतं. त्यासाठी जोनाथन श्यूचुक यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आहे. आधी साध्या डबलने उत्तर काढायचं, ते चुकीच्या मर्यादेच्या बाहेर असेल तर स्वीकारायचं, आणि संशय असेल तेव्हाच जास्त अंकांनी पुन्हा मोजायचं. त्यांचा सी भाषेतला कोड मोफत उपलब्ध आहे. तो स्वतः नव्याने लिहू नकोस.

दुरुस्ती पाठवण्याआधी तीन चाचण्या जोड. एक, चाचणीतला प्लॉट मूळबिंदूजवळून उचलून पुण्याच्या यूटीएम आकड्यांवर नेऊन ठेव. दोन, त्याचे कोपरे दुसऱ्याच कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात कर. तीन, सगळं मिलिमीटरमध्ये बदल आणि टॉलरन्सही त्याच पटीने बदल. तिन्ही वेळा होकार-नकार तेच यायला हवेत. एकही बदलला तर कोड मर्ज करू नकोस, आधी माझ्याकडे घेऊन ये.