मद्यसेवन व त्याचे किंमत, कर आणि विक्रीवेळांद्वारे नियमन

समाजातील मद्याच्या एकूण सेवनावर किंमत, कर व विक्रीची दुकाने उघडी राहण्याच्या वेळा यांच्या द्वारा घातले जाणारे अप्रत्यक्ष नियंत्रण. दारूबंदीत मद्य मिळणेच बेकायदा ठरते. येथे मद्य कायदेशीर राहते. मात्र ते किती सहज व किती स्वस्त मिळावे, हे शासन ठरविते. या नियंत्रणाचा रोख एखाद्या मद्यपी व्यक्तीवर नसून संपूर्ण लोकसंख्येवर असतो. त्याचे यशापयशही दरडोई शुद्ध अल्कोहॉलच्या वार्षिक सेवनावरून (लिटरांत) मोजले जाते. बिअर, वाइन, व्हिस्की इत्यादींतील अल्कोहॉलचे प्रमाण भिन्न असल्याने सर्व पेयांचे शुद्ध अल्कोहॉलमध्ये रूपांतर केल्याशिवाय तुलना करता येत नाही.

एकूण सेवनाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर सेवनाच्या वाटणीत आहे. स्यूली लेदरमान या फ्रेंच संशोधकाने १९५६ मध्ये असे दाखविले, की मद्य पिणाऱ्यांचे ‘संयमी’ आणि ‘व्यसनी’ असे दोन वेगळे गट पडत नाहीत. अल्प पिणाऱ्यांपासून अतिमद्यपींपर्यंत एकच सलग, एका बाजूला लांब शेपूट असलेला वक्र मिळतो. सरासरी वाढली की संपूर्ण वक्रच सरकतो आणि त्याच्या शेपटीकडील, म्हणजे यकृत निकामी होण्याइतपत पिणाऱ्यांची संख्याही वाढते. लेदरमानचे गणिती सूत्र पुढे बरेच सदोष ठरले; पण मूळ निरीक्षण टिकून राहिले. पुढे १९८५ मध्ये नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ स्कॉग यांनी त्याची सामाजिक बाजू स्पष्ट केली : माणूस आपल्या भोवतालच्यांच्या पिण्यानुसार पितो, त्यामुळे मित्रमंडळींच्या साखळीतून बदल सर्वत्र पसरतो आणि अल्प पिणारे व अतिमद्यपी बहुधा एकाच दिशेने सरकतात.

किंमत व मागणी : मद्य ही व्यसनाची वस्तू असल्याने किमतीचा तिच्या मागणीवर परिणाम होत नाही, असा समज पूर्वी प्रचलित होता. तो चुकीचा आहे. शंभराहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार किंमत १० टक्क्यांनी वाढली, की एकूण सेवन सु. ५ टक्क्यांनी घटते. अतिमद्यपींमध्ये ही घट कमी, सु. ३ टक्के असते, पण ती शून्य नसते. किमतीतील वाढीपेक्षा मागणीतील घट कमी असल्याने कर वाढविल्यावर सेवन घटूनही शासनाचे उत्पन्न सामान्यतः वाढते. आरोग्यखाते आणि अर्थखाते यांचे हितसंबंध जुळून येण्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण आहे.

फिनलंडचा अनुभव : या विषयातील बरेचसे ज्ञान फिनलंड या एका छोट्या देशाकडून मिळाले आहे. तेथे १९१९ ते १९३२ दारूबंदी होती. ती उठल्यावर मद्यविक्रीची मक्तेदारी ‘आल्को’ या सरकारी कंपनीकडे आली. तिची दुकाने शहरांतच असत. ग्रामीण भागात ती उघडण्यास परवानगी नव्हती. विक्रीची सर्व नोंद एकाच ठिकाणी होत असल्याने प्रत्येक धोरणबदलाचा परिणाम आकड्यांत लगेच दिसून येई.

पहिला मोठा बदल १ जानेवारी १९६९ रोजी झाला. मध्यम तीव्रतेची बिअर हजारो किराणा दुकानांत व उपाहारगृहांत मिळू लागली आणि ग्रामीण भागात मद्याच्या दुकानांवरील बंदी उठली. फिनिश माणूस व्होडकासारखी तीव्र पेये पितो म्हणून झिंगतो. त्याला सौम्य बिअर सहज मिळाली तर तो तिच्याकडे वळेल आणि तीव्र मद्य सोडून देईल, असा या सुधारणेमागील युक्तिवाद होता. तो आकर्षक होता, पण प्रत्यक्षात उलटे घडले. लोकांनी व्होडका सोडली नाही. तिच्या जोडीला बिअर घेतली. एका वर्षात दरडोई सेवन सु. ४६ टक्क्यांनी वाढले आणि १९७४ पर्यंत ते १९६८ च्या दुपटीहून अधिक झाले. त्याच वेळी खरेदीसाठीची वयोमर्यादा उतरविण्यात आली होती व लोकांचे उत्पन्नही वाढत होते, त्यामुळे सर्वच वाढ किराणा दुकानांच्या माथी मारणे योग्य नाही. पण पहिल्याच वर्षातील उडीचे अन्य समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही. नवे मद्य जुन्याची जागा घेत नाही, त्यात भर घालते, हा धडा त्यानंतर इतर देशांनाही मिळाला.

दुसरा बदल कराचा होता. फिनलंड यूरोपीय संघाचा सदस्य झाल्यावर प्रवाशांनी आणावयाच्या मद्यावरील मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल झाल्या व १ जानेवारी २००४ पासून संघातील देशांपुरत्या जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याच वर्षी १ मे रोजी एस्टोनिया संघात येणार होते. हेल्सिंकीहून बोटीने काही तासांवर असलेल्या या देशात मद्य पुष्कळ स्वस्त होते. लोक तेथून गाड्या भरभरून मद्य आणतील आणि देशी व्यापार व करउत्पन्न दोन्ही बुडतील, या भीतीने शासनाने १ मार्च २००४ रोजी मद्यावरील कर सरासरीने एकतृतीयांश कमी केले.

या कपातीचे गणित एका बाटलीवरून समजते. तीव्र पेयांवरील कर शुद्ध अल्कोहॉलच्या दर लिटरमागे ५०.४६ यूरो होता, तो २८.२५ यूरो, म्हणजे ४४ टक्क्यांनी कमी झाला. चाळीस टक्के अल्कोहॉल असलेल्या व्होडकाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ०.२ लिटर शुद्ध अल्कोहॉल असते. म्हणून तिच्यावरील कर सु. १० यूरोंवरून साडेपाच-पावणेसहा यूरोंवर आला. या करावर मूल्यवर्धित करही आकारला जात असल्याने ग्राहकाची एकूण बचत सु. ५.४ यूरो झाली. दुकानातील तीव्र पेयांची किंमत सु. एकतृतीयांशाने उतरली. बिअरवरील करात घट झाली, पण वाइनवरील कर थोडाच कमी करण्यात आला. सर्वांत स्वस्त अल्कोहॉल शोधणाऱ्या ग्राहकासाठी त्यामुळे व्होडका सर्वाधिक आकर्षक ठरली.

त्या वर्षी प्रवाशांनी आणलेल्या मद्यासह एकूण सेवन सु. १० टक्क्यांनी वाढले. १० टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु मद्यामुळे झालेले आकस्मिक मृत्यू त्या वर्षी सु. १७ टक्क्यांनी वाढले, म्हणजे दर आठवड्याला सरासरीने आठ अधिक माणसे मृत्यू पावली. वाढीचा मोठा भाग यकृताच्या विकारांनी व दीर्घकालीन मद्यसेवनाने आलेल्या मृत्यूंचा होता आणि तो मध्यमवयीन, वयस्क व गरीब लोकांमध्ये अधिक आढळला. किंमत घसरल्याने जणू वर्षानुवर्षे साठलेल्या नुकसानीने टोक गाठले. याउलट मारामारी व हिंसा यांत अपेक्षेप्रमाणे वाढ दिसली नाही. फिनलंडने २००८ पासून कर पुन्हा वाढविण्यास सुरुवात केली व सेवनही हळूहळू उतरू लागले.

या अनुभवातून मोजमापाचा एक इशाराही मिळाला. त्या वर्षी घरोघरी केलेल्या पाहण्यांत लोकांनी आपण जास्त पितो असे सांगितले नाही. विक्रीचे व मृत्यूंचे आकडे मात्र वाढलेले होते. लोक स्वतःच्या पिण्याविषयी जे सांगतात, ते प्रत्यक्ष विक्रीच्या सु. निम्मेच भरते. म्हणून पाहणीतील उत्तरांवरून धोरणाचे मूल्यमापन करू नये. विक्रीची नोंद, तिच्यात प्रवाशांकडून येणाऱ्या मद्याचा अंदाज आणि मृत्यूच्या कारणांची नोंद ही तिन्ही एकत्र पाहावी.

विक्रीच्या वेळा : दुकान बंद असले तरी ग्राहक आदल्या दिवशी खरेदी करू शकतो, मग वेळेच्या निर्बंधाने काय साधते, असा प्रश्न विचारला जातो. स्वीडनने याचे उत्तर प्रयोगाने दिले. तेथील सरकारी दुकाने १९८१ मध्ये शनिवारी बंद ठेवून पाहण्यात आली व पुढे ही पद्धत कायम झाली. फेब्रुवारी २००० मध्ये सहा जिल्ह्यांत दुकाने शनिवारी पुन्हा उघडण्यात आली व अन्य काही जिल्हे तुलनेसाठी तसेच ठेवण्यात आले. शेजारच्या जिल्ह्यांतील ग्राहकांची ये-जा गणितात मिसळू नये म्हणून मधला पट्टा वगळला. उघड्या जिल्ह्यांतील विक्री सु. ४ टक्क्यांनी अधिक वाढली. मारहाणीच्या गुन्ह्यांत मात्र फरक आढळला नाही आणि २००१ मध्ये ही सवलत देशभर लागू झाली. एका दिवसाचा परिणाम मर्यादित असतो, हे यावरून दिसते. जर्मनीतील बाडेन-व्ह्यूर्टेम्बर्ग राज्याने मार्च २०१० पासून रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत दुकानांतील मद्यविक्री बंद केली. तेव्हा तरुणांना अतिमद्यपानामुळे रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण सु. ७ टक्क्यांनी घटले. घरात साठा नसलेला व झिंग चढल्यावर आणखी बाटली आणायला निघणारा तरुण हाच अशा नियमाच्या कक्षेत सापडतो. पुढे २०१७ मध्ये हा नियम रद्द करण्यात आला.

किमान किंमत : कर वाढविला तरी मोठी दुकाने तो स्वतः सोसून मद्य स्वस्त विकू शकतात. शिवाय कर पेयाच्या प्रकारानुसार बदलत असल्याने एखादे पेय फार स्वस्त राहते. स्कॉटलंडने यावर १ मे २०१८ पासून निराळा उपाय केला. तेथे अल्कोहॉलच्या दर ‘युनिट’ला, म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहॉलला, ५० पेन्स ही किमान किंमत ठरविण्यात आली. साडेसात टक्के अल्कोहॉलच्या ३ लिटर सायडरमध्ये २२.५ युनिटे येतात, म्हणून या दराने ती बाटली ११ पौंड २५ पेन्सहून कमी किमतीस विकता येत नसे; त्यापूर्वी ती याच्या निम्म्याहून कमी किमतीला मिळत असे. महागड्या वाइनवर या नियमाचा काहीच परिणाम होत नाही. पाच वर्षांनंतरच्या मूल्यमापनात एकूण विक्री सु. ३ टक्के आणि मद्यजन्य मृत्यू सु. १३ टक्के अपेक्षेपेक्षा कमी आढळले. मात्र व्यसनाधीन झालेल्या काहींनी मद्य कमी न करता अन्नावरील खर्च कमी केला, असेही दिसून आले. त्यांच्यासाठी उपचारांना पर्याय नाही. महागाईने ५० पेन्सची धार बोथट होत गेल्याने ३० सप्टेंबर २०२४ पासून ही किंमत ६५ पेन्स करण्यात आली. ठरावीक रकमेच्या प्रत्येक कराचे असेच होते : दर न वाढविल्यास तो दरवर्षी आपोआप कमी होत जातो.

या उपायांचे यश नोंदणीकृत मद्याच्या वाट्यावर अवलंबून असते. शेजारी स्वस्त मद्य असले, तर फिनलंडप्रमाणे सीमेचा प्रश्न उभा राहतो. बेकायदा मद्य सहज मिळत असले, तर वाढलेल्या किमतीमुळे काही गरीब ग्राहक तिकडे वळतात. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये मेथॅनॉलमिश्रित हातभट्टीच्या दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. अशा ठिकाणी कराचा दर ठरविताना मिथ्या मद्याचा पुरवठा रोखण्याची यंत्रणा किती समर्थ आहे, हे आधी पाहावे लागते.