पक्षाघातानंतरचा घास : दाटपणा मोजावा, नोंद ठेवावी

पानिपत : पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना अन्न गिळणे अवघड जाते. या अवस्थेला वैद्यकीय भाषेत डिस्फेजिया म्हणतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरला, तर फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही. त्यामुळे खोकला आला नाही म्हणजे धोका टळला, असे मानता येत नाही.

अन्न व द्रव यांच्या दाटपणासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. पानिपतमधील हातमागावर काम करणाऱ्या, ६० किलो वजनाच्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. तपासणीनंतर स्पीच थेरपिस्टने त्याला द्रवासाठी दुसरी आणि अन्नासाठी चौथी, म्हणजे गुठळ्या नसलेल्या मऊ लगद्याची पातळी सांगितली. आहारतज्ज्ञ वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर पाणी धरून दिवसाला १,८०० मिलिलिटरचे लक्ष्य ठरवतो. दाट द्रव नकोसा वाटून रुग्ण कमी पितो. म्हणून प्यायलेले प्रमाण रोज लिहावे लागते. लगदा करण्यासाठी पाणी घालून अन्न वाटल्यास पोषण विरळ होते. त्यामुळे डाळ, दलिया वा खिचडीत तूप, दूध किंवा पनीर मिसळले जाते.

द्रवाचा दाटपणा घरीही मोजता येतो. १० मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. तिच्या शून्य ते दहा खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असावे. दांडा काढून टोक बोटाने बंद करावे, द्रव दहाच्या खुणेपर्यंत भरावा आणि १० सेकंद वाहू द्यावा. सिरिंजमध्ये ४ ते ८ मिलिलिटर उरल्यास द्रव दुसऱ्या पातळीचा आहे. चाचणी पिण्याच्या तापमानालाच घ्यावी. गरम डाळीचे पाणी थंड होताना दाट होते. पिठूळ घट्टक लाळेमुळे पातळ होतो, झँथन गम सहसा होत नाही. पाणी सुटलेले दही किंवा वेगळे पाणी असलेली खिचडी टाळावी, कारण त्यात दोन दाटपणा एकत्र येतात.

खरी गफलत बहुधा रुग्णालयातून घरी जाताना होते. परिचारिकेला माहीत असलेली पातळी सुनेपर्यंत किंवा रात्रीच्या मदतनिसापर्यंत पोहोचत नाही. म्हणून खाटेजवळच्या एकाच कागदावर दोन्ही पातळ्या, ताठ बसवण्याची सूचना, भरवणाऱ्याचे नाव, खाल्लेले प्रमाण आणि ठसका, ओलसर आवाज किंवा ताप यांची वेळ लिहावी. जेवणानंतर रुग्णाला किमान अर्धा तास बसलेलाच ठेवावा आणि दात व तोंड स्वच्छ करावे. गोळ्या कुटण्यापूर्वी औषधविक्रेत्याला विचारावे. काही गोळ्या कुटू नयेत.

आवाज ओलसर झाल्यास भरवणे थांबवावे. ताप किंवा धाप लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दाट द्रवाने श्वासनलिकेत जाणारे प्रमाण घटते. मात्र त्यामुळे न्यूमोनिया नक्की टळतो, असा ठोस पुरावा नाही. म्हणून पातळी कायमची नसते आणि ती बदलण्याचा निर्णय पुन्हा केलेल्या तपासणीनंतरच घ्यावा लागतो.