उठल्याउठल्या अंगठे धरायची घाई कशाला?

वर्ध्यात कुणापाशीही नुसतं म्हणून बघा, की सकाळी कंबर आखडते. उत्तर ठरलेलं: "उठला का आधी अंगठे धर, कंबर मोकयी होते." सांगणारा कचेरीतला सहकारी असतो, बँकेतला रोखपाल असतो, नाहीतर शेजारचे काका. आठ तास खुर्चीत बसणारा माणूस हा सल्ला मनावर घेतो, पलंगावरून उतरतो आणि गुडघे ताठ ठेवून जमिनीपर्यंत झोके घेऊ लागतो. हात पोचले नाहीत की अजून जोर लावतो. वाकणं वाईट नाही, पण त्यासाठी निवडलेली वेळ दिवसातली सगळ्यात चुकीची आहे.

मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्रभर आडवं राहिल्यावर, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटरने जास्त भरते. फुगलेल्या चकतीभोवतीचे बंध ताणलेले असतात आणि कंबर वाकायला राजी नसते. आपण त्याला आखडणं म्हणतो आणि जोर लावून ते सोडवायला जातो. अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात दाखवलं, की पुढे वाकताना चकतीवर येणारा ताण संध्याकाळच्या तुलनेत पहाटे सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त असतो. हे प्रयोगशाळेतलं गणित झालं, असं कुणी म्हणेल. मग १९९८ चा स्नूक यांचा अभ्यास बघा. जुनी कंबरदुखी असलेल्यांना त्यांनी उठल्यावर पहिले काही तास कंबरेतून वाकणं टाळायला शिकवलं, आणि त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले.

उपाय सोपा आहे. उभं राहिलं, चाललं की चकतीतलं जास्तीचं पाणी आपोआप उतरतं, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तासातच. समजा तुम्ही सहाला उठता आणि पावणेदहाला कार्यालयात पोचायचं आहे. पलंगावरच घोटे वर-खाली हलवा. मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. चहा ठेवा, अंगणात फेऱ्या मारा. पाण्याची बादली उचलायचीच असेल तर गुडघ्यांत वाका, पाठ गोल करू नका. ताण देण्याचे व्यायाम सात-साडेसातनंतर. कंबर आधीच दुखरी असेल तर आठनंतर.

तीन व्यायाम पुरेत. पहिला दाराच्या चौकटीत: कोपर खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवून एक पाऊल पुढे टाका, छाती उघडते. दुसरा मांडीच्या पुढच्या बाजूसाठी, कारण खुर्चीत हाच भाग तासन्‌तास आखूड राहतो. चटईवर एक गुडघा टेका, दुसरं पाऊल पुढे ठेवा, नितंब आवळून शरीर किंचित पुढे न्या. कंबर मागे कमानीसारखी वाकवू नका. तिसरा अंगठे धरण्याच्या बदली: पाठीवर झोपून एका पायाच्या तळव्याला दुपट्टा अडकवा आणि तो पाय हळू वर घ्या. दुसरा पाय चटईवरच. मांडीची मागची बाजू ताणली जाते, कंबर मात्र गोल होत नाही.

प्रत्येक ताण ३० सेकंद, म्हणजे पाच-सहा संथ श्वास, दोन्ही बाजूंनी दोनदा. श्वास सोडताना थोडं पुढे जा, घेताना तिथेच थांबा. बोलता येत नसेल किंवा चेहरा आवळला जात असेल तर एक पाऊल मागे या. झोके तर नकोच. थंडीत आधी पाच मिनिटं चाला.

बाकीच्या समजुती थोडक्यात. बोटं मोडल्यावर कटकट वाजतं ते हाडं घासल्याने नव्हे, सांध्यातल्या द्रवातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे. पाठदुखीला कडक फळीच बरी असंही नाही. २००३ च्या 'लॅन्सेट'मधल्या चाचणीत मध्यम कडक गादी सरस ठरली. ताण दिल्याने व्यायामानंतरचं अंग दुखणं टळत नाही. आणि सकाळी दहा मिनिटं केलं म्हणून दिवसभर खुर्ची सोडायची नाही, हा हिशेब तर अजिबात जमत नाही.

आता पाठदुखी असणाऱ्यांसाठी. ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. सणक, मुंग्या किंवा गुडघ्याखाली उतरणारी कळ आली तर तो व्यायाम तिथेच बंद. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम विचारल्याशिवाय करू नयेत. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जुनं, आराम केल्यावर वाढणारं आणि हालचालीने बरं वाटणारं दुखणं सांध्यांच्या दाहाचं असू शकतं. ते डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतरचं दुखणं किंवा तापासोबतचं दुखणंही अंगावर काढू नका. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम नको, मालिश नको, शेजारच्या काकांचा सल्ला नको. सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय जे जवळ पडेल तिथे त्याच दिवशी जा.