नवरात्रात भूक भागते, प्रथिनं राहून जातात

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली, त्याला उष्मांकांचा हिशेब अचूक कळला होता. खिचडी, बटाट्याचा चिवडा, रताळ्याच्या चकत्या, राजगिऱ्याचे लाडू, वर दोन केळी आणि तीन वेळा चहा असा उपवासाचा दिवस गेला, की पोटात सहज दीड हजारांच्या वर उष्मांक जातात. नवरात्राचे नऊ दिवस असे काढणाऱ्याचे स्नायू उपाशी राहतात ते प्रथिनांच्या बाबतीत. व्यायामशाळेत जाणारी मंडळी मात्र उलट समजुतीने वागतात. ‘अंगात ताकद राहत नाही’ म्हणून साबुदाणा वाढवतात आणि वजनं उचलणं बंद करतात.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च. कोरड्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० उष्मांक असतात आणि प्रथिनं पुरती एक ग्रॅमही नसतात. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटातली. एरवी ताटातली डाळ, उसळ, पोळी मिळून हे काम कुणाच्या लक्षात न येता करत असतात. उपवासात ही तिन्ही एकदम बाजूला होतात आणि त्यांच्या जागी बहुतेक पिष्टमय पदार्थच येतात.

एक उदाहरण आकड्यांनी पाहू. ६० किलो वजनाची, चाळिशीची एक नोकरदार स्त्री आहे असं धरू. ती आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम करते आणि एरवी साधारण १९०० उष्मांक खाते. तिच्या नेहमीच्या उपवासाच्या दिवशी सकाळी बशीभर खिचडी, दिवसभरात तीन कप चहा, दुपारी दोन केळी, चार वाजता मूठभर बटाट्याचा चिवडा आणि राजगिऱ्याचे दोन छोटे लाडू, रात्री वरई आणि दाण्याची आमटी असते. बेरीज केली तर उष्मांक जवळजवळ १६५० भरतात आणि प्रथिनं जेमतेम ३० ग्रॅम. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिला ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. वजनं उचलणाऱ्यांसाठी क्रीडा-आहारतज्ज्ञ दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास सांगतात. त्या हिशेबाने तिची गरज ९६ ग्रॅमवर जाते.

आता उपवासाचे नियम न मोडता तोच दिवस वेगळा मांडता येतो. सकाळी खिचडीऐवजी २५० मिली दुधात राजगिऱ्याच्या लाह्या घेतल्या, की ११ ग्रॅम प्रथिनं झाली. दुपारी ५० ग्रॅम राजगिरा पिठाचं थालीपीठ आणि सोबत तुपावर परतलेलं १०० ग्रॅम पनीर, म्हणजे आणखी २५ ग्रॅम. चारच्या भुकेला चिवड्याऐवजी वाटीभर दही आणि ३० ग्रॅम भाजलेले दाणे, यातून १४ ग्रॅम. रात्री वरई आणि दाण्याची आमटी तीच ठेवायची, पण सोबत अर्धा लिटर दह्याचा बांधलेला चक्का सैंधव आणि जिरेपूड घालून घ्यायचा; त्या जेवणात साधारण २२ ग्रॅम येतात. झोपताना कपभर दूध, ६ ग्रॅम. मधे एक केळं धरलं तरी दिवसाचे उष्मांक १८५० च्या घरात राहतात आणि प्रथिनं ७८ ग्रॅमवर जातात. उष्मांक दोनशेच वाढले, प्रथिनं मात्र अडीचपट झाली.

हा आकडा ९६ ला पोचत नाही, पण नऊ दिवस स्नायू टिकवायला तो पुरेसा आहे. ज्यांना उरलेला फरक भरायचा आहे, त्यांना एका मापात २० ग्रॅम प्रथिनं देणारी व्हे पावडर चालते, कारण ती दुधापासूनच केलेली असते. डब्यावरचे घटक मात्र आधी वाचावेत. काही मिश्रणांत सोया असतो आणि तो बऱ्याच घरांत उपवासाला चालत नाही.

दाण्यांवरच सगळी भिस्त ठेवून चालत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण त्यांच्यासोबत साडेपाचशेहून जास्त उष्मांकही येतात. शिवाय दाण्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. दूध, दही आणि राजगिरा ती उणीव भरून काढतात, म्हणून दाण्यासोबत दह्याची वाटी हवीच.

काही घरांत नवरात्रात धान्यफराळ करतात, म्हणजे धान्य भाजून घेतलेलं चालतं. जिथे भाजलेली डाळ किंवा फुटाणेही चालतात, तिथे काम निम्मं सोपं होतं, कारण १०० ग्रॅम फुटाण्यांत वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. उठता-बसता उपवास करणाऱ्यांनी, म्हणजे घट बसताना आणि उठताना असे दोनच दिवस धरणाऱ्यांनी, या गणिताची चिंता करू नये. मधल्या दिवसांत ताट नेहमीचंच असतं. अडचण येते ती रात्री एकदाच खाणाऱ्यांची. ७०-८० ग्रॅम प्रथिनं एका बैठकीत पोटात मावत नाहीत. अशांनी उपास सोडताना पनीर किंवा चक्क्याने सुरुवात करावी, वरई नंतर घ्यावी आणि झोपण्यापूर्वी दुधाचा मोठा पेला राखून ठेवावा.

दुसरी बाजू व्यायामाची. वजनाचा ताण पडत राहिला की शरीर तो स्नायू राखून ठेवतं, आणि त्यासाठी एरवीइतकी मेहनत लागत नाही. म्हणून डंबेलचं वजन तेच ठेवून सेट कमी करावेत. जिथे चार सेट होत होते तिथे दोन करावेत आणि आठवड्यात दोन दिवस पुरेत. हलकी वजनं घेऊन जास्त वेळ घाम गाळण्याने थकवा तेवढा वाढतो. व्यायामाची वेळ दुपारच्या किंवा रात्रीच्या खाण्याच्या आधी तास-दीड तास ठेवली, तर पुढचं खाणं कामी येतं.

पहिल्या तीन-चार दिवसांत काटा किलो-दीड किलोने खाली गेला तर घाबरायचं कारण नाही. मीठ कमी झालेलं असतं, आतड्यात एरवीइतका चोथा नसतो, आणि फक्त फळं-पाण्यावर राहणाऱ्यांचा स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आपल्यासोबत धरलेलं पाणी घेऊन उतरतो. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे वजन दोन-चार दिवसांत परत येतं. स्नायूंची खरी पारख दसऱ्यानंतरच्या आठवड्यात करावी. पूर्वी जे वजन दहा वेळा उचललं जात होतं ते नीट जेवण-झोप होऊनही सात वेळांवर अडकलं, आणि आठ-दहा दिवसांत सुधारलं नाही, तर प्रथिनं खरोखर कमी पडली होती असं समजावं.

साठीपुढच्यांना ही झीज लवकर होते आणि भरून यायला वेळ लागतो. श्रावणी सोमवार, चतुर्थ्या आणि पाठोपाठ नवरात्र असे उपवास करणाऱ्या आजींच्या ताटात म्हणून पनीर-दही आधी वाढावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र वरचे आकडे लागू होत नाहीत. तिथे प्रथिनं किती हे डॉक्टरच ठरवतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर घट बसण्याच्या आठवडाभर आधीच डोस विचारून घ्यावा. गोळी नेहमीची आणि खाणं अर्धं, या मेळातून साखर एकदम खाली जाते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच साखरपाणी द्यावं आणि त्या दिवसाचा उपास तिथेच सोडावा.