कॉम्पोझिटच्या मधल्या वस्तू: १८५७ पासूनचा मागोवा

वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेल्या छायाचित्रांचे भाग एकत्र बसवून तयार केलेल्या एकसंध चित्राला कॉम्पोझिट म्हणतात. असे काम पूर्ण झाल्यावर त्याच्या दोन टोकांच्या वस्तू, म्हणजे मूळ छायाचित्रे आणि तयार चित्र, बहुधा आपोआपच टिकतात, कारण मूळ छायाचित्र फेकवत नाही आणि तयार चित्र कोणाला ना कोणाला दिलेले असते. हरवते ते मधले: कोणता भाग कुठे कापला, कोणत्या प्रमाणात लहान केला, कोणावर कोणाची सावली पाडली आणि कोणत्या क्रमाने. कॉम्पोझिट पुन्हा घडवता येते की नाही हे या मधल्या वस्तूंवर ठरत आले आहे, आणि गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत त्या कुठे ठेवल्या गेल्या याचा इतिहास बराचसा सरळ नाही.

ऑस्कर रेलांडर याने १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये तिसाहून अधिक काचेच्या निगेटिव्हांपासून एकच मोठे चित्र छापले. एका निगेटिव्हमधील आकृती कागदावर उतरवताना बाकीचा कागद झाकून ठेवायचा, मग दुसरी निगेटिव्ह, मग तिसरी, अशी ती पद्धत होती. झाकण्याचे हे काम म्हणजेच आजच्या भाषेतील मास्क, अर्थात चित्राचा कोणता भाग दिसावा आणि कोणता दडावा हे ठरवणारा पडदा. रेलांडरच्या बाबतीत हा पडदा वस्तू म्हणून नव्हे तर छापणाऱ्याच्या हातातील कौशल्य म्हणून अस्तित्वात होता, त्यामुळे निगेटिव्हा शाबूत असल्या तरी चित्राची दुसरी प्रत काढणे म्हणजे सगळे श्रम पहिल्यापासून करणे होते.

मास्क स्वतंत्र वस्तू म्हणून जपला गेला तर काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण छायाचित्रणातले नसून दूरचित्रवाणीतले आहे. १९८७ ते १९९४ या काळात प्रसारित झालेली ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही अमेरिकी मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, मात्र तिचे संकलन आणि अवकाशयानांची कॉम्पोझिट दृश्ये त्या काळच्या व्हिडिओ टेपवर पूर्ण केली गेली होती. म्हणजे तयार माल कमी तपशिलाचा, आणि त्यामागची सामग्री मात्र फिल्मची. यानाच्या प्रतिकृतीचे चित्रण करताना संगणकाने चालणारा कॅमेरा तंतोतंत त्याच मार्गाने अनेकदा फिरवला जाई. एका फेरीत यानाचा रंग-प्रकाश टिपायचा, दुसरीत फक्त त्याच्या खिडक्यांचे दिवे, आणि आणखी एका फेरीत केवळ त्याची बाह्याकृती, जी पुढे मास्क म्हणून वापरायची. या साऱ्या फेऱ्या फिल्मच्या डब्यांत स्वतंत्रपणे राहिल्या. २०१२ पासून मालिकेची उच्च तपशिलाची आवृत्ती निघू लागली तेव्हा ते डबे शोधून, फिल्म नव्याने स्कॅन करून दृश्ये पुन्हा जोडता आली. जे परिणाम मुळात व्हिडिओवरच घडवले होते, उदाहरणार्थ शस्त्रांचे किरण, ते नव्याने करावे लागले, आणि जिथे मूळ फिल्म सापडलीच नाही तिथले मोजके क्षण जुन्या टेपवरून मोठे करून वापरावे लागले. बाकीच्या चित्राशी तुलना करता हे तुकडे साध्या नजरेलाही मऊ दिसतात. ही दूरदृष्टी होती असे म्हणणे कठीण आहे. डबे जपण्याचे कारण बहुधा गोदामाची शिस्त हे असावे, भविष्याचा विचार नव्हे.

संगणकावर हा प्रवास काही बाबतींत उलटा झाला. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्त्यांत थर, म्हणजे एकावर एक ठेवलेले स्वतंत्र चित्रस्तर, नव्हते. एक भाग दुसऱ्यावर बसवला की तो त्यातच मिसळून जाई. म्हणून त्या काळातील काळजीपूर्वक काम करणारा कलाकार प्रत्येक निवड ‘चॅनल’ म्हणून, म्हणजे काळ्या-पांढऱ्या स्वतंत्र प्रतिमेत, साठवून ठेवत असे आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल करत असे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आणि थरांचे मास्क आले, १९९६ मध्ये रंग-प्रकाशाचे बदल स्वतंत्र थरावर ठेवण्याची सोय झाली, आणि हे सारे एकाच पीएसडी फाइलमध्ये मावू लागले. सोय वाढली तशी फोल्डरची शिस्त सैल झाली. सगळे एकाच फाइलमध्ये आहे या भरवशावर मूळ छायाचित्रे कुठे आहेत हे विसरणे परवडू लागले, आणि ती फाइल हलकी करण्यासाठी मास्क ‘लागू’ करून दडलेला भाग कायमचा पुसून टाकण्याची सवय पुष्कळांना लागली.

२००५ च्या सीएस२ आवृत्तीतील स्मार्ट ऑब्जेक्टने, म्हणजे मूळ प्रतिमा पूर्ण आकारात पोटात ठेवून बाहेर फक्त लहान-मोठी दाखवणाऱ्या थराने, या नुकसानीला काही प्रमाणात आळा घातला. २०१४ पासून असा थर बाहेरच्या फाइलशी नुसता जोडूनही ठेवता येऊ लागला. त्यामुळे पीएसडी फाइल हलकी झाली, पण तिच्या अखंडतेची जबाबदारी पुन्हा फोल्डरवर आली, कारण जोडलेली फाइल हलवली किंवा तिचे नाव बदलले की दुवा तुटतो.

यातील बारकावे एखादे काम धरून पाहिले तर स्पष्ट होतात. कुटुंबाचे एकत्रित छायाचित्र वाड्याच्या अंगणात घेतले, आजारी आजोबा मात्र घरातच खिडकीपाशी बसवून वेगळे टिपले आणि नंतर ते समूहात बसवले, असे काम महाराष्ट्रातील कोणत्याही स्टुडिओला परिचित आहे. समूहाचे छायाचित्र ६००० × ४००० पिक्सेलचे, तर आजोबांच्या उभ्या छायाचित्रात त्यांची आकृती ४५०० पिक्सेल उंच आहे असे मानू. अल्बमसाठी १२ × ८ इंचांचे चित्र हवे होते, म्हणून दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने कामाचा पट ३६०० × २४०० चा घेतला आणि त्यात आजोबा सुमारे १००० पिक्सेल उंचीचे बसले. काही वर्षांनी त्याच चित्राची ३० × २० इंचांची भिंतीवरची फ्रेम हवी झाली. समूहाचे मूळ चित्र पूर्ण आकारात वापरले तर इंचाला २०० पिक्सेल मिळतात, जे भिंतीसाठी पुरेसे आहेत, आणि आजोबांना सुमारे १,६७० पिक्सेल उंची लागते, जी ४५०० मधून सहज निघते. आजोबांचा थर मात्र नुसताच लहान करून मिसळलेला असेल तर हाती १००० पिक्सेलच उरतात आणि तेच ताणावे लागतात.

स्मार्ट ऑब्जेक्ट वापरूनही इथे एक फसगत होते. मास्क त्या थराच्या बाहेरून लावला असेल तर तो कामाच्या पटाच्या मापाचा असतो, मूळ छायाचित्राच्या मापाचा नाही; पट मोठा केला की आतला चेहरा पुन्हा मूळ प्रतिमेतून ताजा उतरतो, पण कडा जुन्याच, ताणलेल्या राहतात. लक्षण ओळखायला सोपे आहे: मिशीचा केस न् केस स्पष्ट, आणि टोपीची कड मात्र धूसर. म्हणून मास्क थराच्या आत, मूळ आकाराच्या प्रतिमेवर करावा, आणि त्याची एक काळी-पांढरी प्रत न कापलेल्या, मूळ मापाच्या चौकटीत वेगळी साठवावी. वरील कामाचा फोल्डर असा दिसेल:

```
2019-11_kutumb/
  1_sandarbh/
  2_mool/     A_0412.NEF  A_0412.xmp
              A_0412.tif
              B_0087.NEF  B_0087.xmp
              B_0087.tif
  3_mask/     B_0087_mask.tif
  4_kaam/     kutumb_v03.psd
  5_output/   album_12x8_srgb.jpg
  nond.txt
```

दोन कॅमेऱ्यांना A आणि B अशी आद्याक्षरे देण्याचे कारण असे की कॅमेरा स्वतःचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून मोजतो आणि दोन कॅमेऱ्यांचे आकडे सहज जुळतात. मास्कच्या नावात मूळ फाइलचा आकडा ठेवला की तो कोणाचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

नेफ ही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकाची प्रक्रिया न केलेली नोंद. फोटोशॉप तिच्यात बदल लिहीत नाही. उजेड, रंग, भिंगाची वक्रता सरळ करणे असे सर्व निर्णय ते त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलमध्ये ठेवते. ही छोटी फाइल मागे राहिली तर रॉ नव्या, सरधोपट मांडणीने उघडते, आणि त्यातून रंगांपेक्षा अवघड घोळ होतो. पहिल्या वेळी भिंगाची वक्रता सरळ केलेली असेल आणि या वेळी नसेल, तर प्रतिमेतील बिंदू किंचित सरकतात. चौकटीच्या मध्याजवळ मास्क बरोबर बसतो, पण कडेकडे जावे तशी आकृतीभोवती उजळ रेघ उमटू लागते. रेघ सर्वत्र सारखी असती तर दोष मास्कच्या कडेत असता. ती मध्यापासून वाढत जाते म्हणून दोष मूळ प्रतिमेच्या उघडण्यात आहे असे कळते. ज्यावरून मास्क कापला ती सोळा-बिटांची टिफ प्रत रॉच्या शेजारी ठेवण्याचे हेच प्रयोजन, मग ती कितीही जागा खावो.

संदर्भांचा फोल्डर वेगळा ठेवण्यामागे निराळे कारण आहे. त्यात अंगणातील उन्हाची दिशा दाखवणारे, पांढऱ्या-करड्या कार्डाचे किंवा माणसांशिवायच्या रिकाम्या अंगणाचे छायाचित्र असते, आणि कधी दुसऱ्या कोणाचे, केवळ सावली कशी पडते हे पाहण्यासाठी घेतलेले चित्रही असते. पहिली चित्रे गरज पडल्यास कामात वापरता येतात, शेवटच्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. दोन्ही एकत्र ठेवल्यास वर्षांनंतर हा फरक कोणालाही आठवत नाही.

मराठी मजकूर असलेल्या कामांत आणखी एक अडचण येते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या देवनागरी फॉन्टांत अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुन्या फाइलमधील ‘सहस्रचंद्रदर्शन’ हा शब्द निरर्थक रोमन अक्षरांची माळ होऊन उघडतो. ज्यांनी मजकूर आणि फॉन्टचे नाव नोंदीत साध्या अक्षरांत लिहून ठेवले त्यांना तो पुन्हा टाइप करता आला. बाकीच्यांनी छापील प्रतीवरून वाचून घेतला.

नोंदीच्या फाइलमध्ये याखेरीज फारसे काही लागत नाही: आजोबांना किती टक्के लहान केले, सावलीचा थर कोणत्या कोनात आणि किती धूसर ठेवला, कोणते बाहेरचे फिल्टर वापरले. शेवटची बाब महत्त्वाची, कारण सॉफ्टवेअर बदलले की जुने फिल्टर चालेनासे होतात आणि त्यांचा परिणाम तेवढा गोठलेला राहतो. 5_output मधील फाइल पुढच्या कामासाठी आधार म्हणून कधीच घेतली जात नाही, कारण तिच्यावर त्या एका मापासाठीची धार आधीच चढवलेली असते. मांडणी पुरी झाली की नाही हे तपासण्याची रीत साधी आहे: संपूर्ण फोल्डर दुसऱ्या संगणकावर नकलून पीएसडी उघडायची, हरवलेल्या दुव्याची किंवा फॉन्टची सूचना आली तर चूक त्याच दिवशी दुरुस्त होते, कारण मूळ फाइल तेव्हा अजून कार्डावर असते.