वासराला चीक, बाळाला मध

गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांच्या घट्ट, पिवळसर दुधाला चीक म्हणतात. काही गोठ्यांत वार पडेपर्यंत थांबायची पद्धत आहे. ती चुकीची असली, तरी चीक टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. वासराचे पोट भरले की उरलेल्याचा खरवस होतो आणि वाटी शेजारीही जाते. त्याच घरातली सून बाळंत झाली, तर तिचा चीक मात्र कित्येक घरांत पिळून टाकला जाई. ‘पहिलं दूध जड असतं, बाळाला बाधतं’ हे कारण. तोवर बाळाच्या जिभेवर मधाचे बोट, गुळाचे पाणी किंवा गाईचे पातळ केलेले दूध. आजही काही घरांत हे चालते. का, असे विचारले तर उत्तर येते: ‘आमच्याकडे असंच करतात. तुझा नवरासुद्धा असाच वाढला.’

या उत्तरात दोन साक्षी आहेत. एक गर्दीची, म्हणजे सगळे करतात. दुसरी काळाची, म्हणजे पूर्वापार करत आले. चीक खरोखर बाधतो का, या मूळ प्रश्नाला दोन्ही साक्षी स्पर्शही करत नाहीत. न्यायदर्शनाने शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, प्रमाण मानले; पण ते सांगणाऱ्याला विषयाचे खरे ज्ञान असले तरच. सांगणारे किती आहेत, हे तिथे मोजलेले नाही.

काळाची साक्ष तर इथे फार लांबवर जाते. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानस या ग्रीक वैद्याने आईचे सुरुवातीचे दूध बाळाला देऊ नये, असे लिहून ठेवले आणि युरोपात हा समज शतकानुशतके टिकला. १७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने उलट सांगितले, की हेच दूध बाळाचे पोट साफ करते. दूर दूरच्या समाजांना एकच गोष्ट पटली होती आणि तरीही ती चूक होती.

ती चूक पटण्याजोगी होती, हे मात्र मान्य करायला हवे. चीक दुधासारखा दिसत नाही. त्यातल्या कॅरोटिनमुळे तो पिवळा असतो आणि घट्ट असल्याने ‘साचलेला’ वाटतो. येतोही किती? पहिल्या दिवशी दर खेपेला जेमतेम चमचा-दीड चमचा. खरे दूध भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. त्याच सुमारास बऱ्याच बाळांना हलकी कावीळ दिसते आणि पिवळ्या दुधाचा पिवळ्या डोळ्यांशी संबंध जोडणे सोपे असते. प्रत्यक्षात चिकाने बाळाची पहिली काळपट, चिकट शी लवकर बाहेर पडते आणि तिच्याबरोबर काविळीचे द्रव्यही जाते. डोळ्यांना दिसले त्याच्या नेमके उलटे.

मग गोठ्यात जे कळले ते माजघरात का कळले नाही? गाईच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते आणि त्याची सगळी शिदोरी चिकात असते. ती आतड्यातून रक्तात शोषली जाण्याची सोयही साधारण पहिल्या दिवसापुरतीच असते. चीक मिळाला नाही, तर हगवण लागून वासरू दगावण्याची भीती फार मोठी. माणसाच्या बाळाला मात्र गर्भात असतानाच वारेतून बरीचशी प्रतिकारद्रव्ये मिळालेली असतात. चिकातली द्रव्ये प्रामुख्याने त्याच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखे संरक्षण देतात. त्यामुळे चीक न मिळालेली बहुतेक बाळे जगतात. गोठ्यातल्या चुकीची किंमत आठवड्याभरात समोर येते. माजघरातली चूक दडून राहते.

ती किती दडते, हे घानाच्या ग्रामीण भागात झालेल्या एका अभ्यासातून दिसते. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात १०,९४७ बाळांची नोंद होती. जन्मानंतर तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली बाळे होती ४,७६३. त्यांतली ३४ महिन्याच्या आत दगावली, म्हणजे हजारी ७. दुसऱ्या दिवशी पाजायला सुरुवात झालेली बाळे २,१३८. त्यांतली ४८ दगावली, म्हणजे हजारी २२. इथे एक शंका रास्त आहे. जे बाळ मुळातच आजारी आहे, ते ओढून पिणार नाही. मग उशीर हे मृत्यूचे कारण, की आजाराचे लक्षण? म्हणून पहिल्याच दिवशी दगावलेली बाळे संशोधकांनी हिशेबात धरली नाहीत आणि आजारी, अपुऱ्या दिवसांची बाळे वगळूनही आकडे पुन्हा तपासले. फरक टिकून राहिला.

आता हे आकडे आजीच्या जागी बसून पाहावेत. उशिरा पाजलेल्या हजारातली ९७८ बाळे तिच्यासमोर धडधाकट वाढणार. एखाद्या आजीच्या हातून आयुष्यात वीस-तीस बाळे जातात. हजारी पंधराचा फरक तिला कसा दिसावा? एखादे बाळ गेलेच, तर नजर, नशीब, थंडी अशी कारणे हजर असतात. ‘आम्ही नाही का वाढलो?’ असे विचारायला वाढलेलेच उरतात. आजी खोटे बोलत नाही आणि तिची मायाही खोटी नाही. तिच्याकडे मोजण्याचे साधन नाही, एवढेच.

परंपरा सोडून बहुसंख्य नव्याकडे वळले, म्हणजे ते बरोबर वळले असेही नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला डब्याचे दूध हेच शास्त्रीय मानले जाऊ लागले. १९७१ च्या सुमारास तिथे प्रसूतिगृहात आईचे दूध मिळणारी बाळे चारात एक इतकीच उरली होती. तेव्हा गर्दी डब्याच्या बाजूला होती आणि कित्येक डॉक्टरही. भारतात डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आवर घालायला १९९२ मध्ये कायदा करावा लागला. याउलट, मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत अंगावर पाजायची आपली जुनी चाल तपासणीत खरी उतरली. वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ती चाल जुनी आहे म्हणून नव्हे, तपासली गेली म्हणून.

काही चालींना अशी तपासणी लागूच होत नाही. पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, सटवाई ललाटी लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्याने बाळाच्या पोटात काही जात नाही. तिथे विचारायचे ते वेगळे: बाळंतिणीला त्यातून आनंद मिळतो की जागरणाचा शीण, आणि मुलगी झाली तरी पूजा त्याच हौसेने होते का? या प्रश्नांचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. पण शेजारच्या दहा घरांत काय होते, यावरूनही ते ठरत नाही.

मधाचे बोट मात्र पोटात जाते. मधात क्वचित असणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटला असेल, असे वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान देशातली दवाखान्यातली बाळंतपणे ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली. तासाभरात पाजल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ झाले, म्हणजे जागचे हललेच नाही. सिझेरियननंतर आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत, बाहेर नातेवाईक वाटीत काहीबाही घेऊन उभे, आणि ‘अजून दूध आलं नाही’ हे वाक्य घरात होते तसेच वॉर्डातही. जड दूध बाधते, असे तिथे कोणी म्हणत नसेल. पण सगळ्या बाळांना उशीरच होतो, म्हणून त्या उशिराकडे कोणी उशीर म्हणून पाहतही नाही.